स्लेजिंग कुठं संपतं आणि अ‍ॅट्रॉसिटी कुठं लागते?

कुपवाड एमआयडीसीकडच्या टेनिस बॉलच्या सामन्यांत लाऊडस्पीकरवरची कॉमेंट्री फलंदाजाला सोडत नाही. "बॅट आहे का उदबत्ती?" यावर मीही हसतो. पण तोच माईक "आमच्या गावात कोट्यातनं टीममध्ये घेत्यात" असं म्हणतो आणि सगळं मैदान एकाच पोराकडं बघून हसतं. आपले काही कार्यकर्तेही म्हणतात, जातीचं नाव घेतलं नाही, मग गुन्हा कसला?

इथं युवराज सिंगचं प्रकरण नीट समजून घ्यायला हवं. २०२० मध्ये रोहित शर्माशी इन्स्टाग्रामवर लाईव्ह गप्पा मारताना त्याने युझवेंद्र चहलची चेष्टा करत एक जातिवाचक शब्द वापरला. पुढं दिलगिरीही व्यक्त केली. पण हरियाणातल्या हांसी इथल्या एका दलित वकिलाने तक्रार केली, २०२१ मध्ये गुन्हा नोंदला गेला आणि ऑक्टोबरमध्ये अटक होऊन जामिनावर सुटका झाली. बचाव सोपा होता: मित्राची मस्करी होती, आणि चहल काही दलित नाही. पण ज्या जातीचं नाव शिवी म्हणून वापरलं, तिचं काय?

अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१) मध्ये याची वेगवेगळी उत्तरं आहेत. उपकलम (एस) ला जातीच्या नावाने शिवीगाळ लागते. (आर) ला जातीचं नाव लागतच नाही. लोकांच्या नजरेसमोर, हलकं पाडण्याच्या हेतूने केलेला अपमान लागतो. दोन्हींत पीडित अनुसूचित जाती-जमातीचा असावा लागतो आणि आरोपी नसावा लागतो. (यू) मात्र समाजाविरुद्ध वैरभाव पसरवण्याबद्दल आहे, तिथं समोरचा मित्र कोण हे गौण ठरतं. या तिन्हींना सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आणि दंड आहे.

म्हणून कोट्याचा टोमणा (आर) मध्ये बसू शकतो. आपोआप बसत नाही, हेही कबूल करायला हवं. हितेश वर्मा खटल्यात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की पीडित अनुसूचित जातीचा आहे एवढ्यावर भागत नाही. अपमान जातीमुळे झाला हे दिसावं लागतं आणि चार भिंतींआड बोललेलं पुरत नाही. मैदानावरचा माईक चार भिंतींआड नसतो. अडचण असते ती जात आणि टोमणा यांचा संबंध दाखवण्याची. उदबत्तीत तो नाही. कोट्यात आहे, कारण तो शब्द त्या पोराच्या खेळाबद्दल काहीच सांगत नाही.

आपल्या बहुतेक तक्रारी इथंच पडतात. "जातिवाचक शिवीगाळ केली" एवढंच लिहिलं जातं. नेमके शब्द, ते कोणासमोर बोलले, बोलणाऱ्याला पीडिताची जात माहीत होती हे कशावरून, असं काहीच नसतं. धर्म बौद्ध असला तरी अनुसूचित जातीचा दाखला लागतो; १९९० पासून त्यात कायदेशीर अडचण नाही. मोबाईलवरचा व्हिडिओ असेल तर मूळ फोन जपा, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली कॉपी नव्हे. आणि तपास पोलीस उपअधीक्षकापेक्षा खालच्या अधिकाऱ्याकडं गेला, तर त्याच दिवशी लेखी हरकत द्या.