निरोपाची दोन पत्रे

नोकरीत शिरताना माणसाला एक पत्र पुरते. बाहेर पडताना मात्र दोन लागतात. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातून माझा भाचा यंदा बाहेर पडला, तेव्हा त्याने मला विचारले, "मामा, दोन्हींत सांगायचे तेच, मग दोन कशाला?"

मराठीच्या मास्तराला असा प्रश्न आवडतो. मी म्हणालो, "अरे, एक पत्र उद्यासाठी आहे, दुसरे जन्मभरासाठी." कार्यमुक्तिपत्र एवढेच सांगते, की राजीनामा मंजूर झाला आणि अमुक दिवशी काम संपताच हा गृहस्थ मोकळा झाला. नवा मालक रुजू करून घेताना ते मागतो. अनुभव प्रमाणपत्र सांगते, की हा कधीपासून कधीपर्यंत, कोणत्या हुद्द्यावर होता. ते पुढच्या प्रत्येक नोकरीत दाखवावे लागते.

भाच्याने एचआरला लिहिले होते, 'कृपया माझी पत्रे लवकर पाठवावीत.' उत्तर आले नव्हते. येणार कसे? वाचणाऱ्याने सारे शोधायचे कुठे? मग आम्ही नवे पत्र लिहिले. त्यात कर्मचारी क्रमांक, हुद्दा आणि रुजू झाल्याची तारीख घातली. राजीनामा १ एप्रिलचा, तीस दिवसांची नोटीस धरून कामाचा शेवटचा दिवस ३० एप्रिल, हेही लिहिले. लॅपटॉप व ओळखपत्र परत केल्याच्या पावत्या जोडल्या. उत्तरासाठी पत्ता दिला तो त्याच्या खाजगी ई-मेलचा, कारण कंपनीचा ई-मेल शेवटच्या संध्याकाळीच बंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी उत्तर आले : 'ना-देय' कागदावर हिशेबखात्याची सही नाही. प्रवासासाठी घेतलेल्या उचलीतले थोडे पैसे राहिले होते. ते भरताच सही झाली आणि आठवड्याने दोन्ही पत्रे आली.

भाचा खूश झाला. मी मात्र उत्तरपत्रिका तपासण्याच्या सवयीने तारखा पाहिल्या. कार्यमुक्तिपत्रात ३० एप्रिल होते, अनुभव प्रमाणपत्रात १ एप्रिल! कारकुनाने राजीनाम्याची तारीखच नोकरीची अखेर म्हणून टाकली होती. एकोणतीस दिवसांची नोकरी कागदावरून पुसली गेली होती. उद्या कुणी पडताळणी केली असती, तर खोटा ठरला असता भाचा, कारकून नव्हे. दोन्ही पत्रे जोडून दुरुस्ती मागितली, ती झाली.

तिसरी तारीख भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदीत असते. कंपनीने तिथे नोकरी सोडल्याची तारीख भरलीच नाही, तर सोडल्यावर दोन महिन्यांनी कर्मचाऱ्याला ती ईपीएफओच्या संकेतस्थळावर स्वतः भरता येते. पण जपून भरावी; एकदा नोंदली, की बदलून घेणे सोपे नसते.

भाच्याला आणखी एक खंत होती : प्रमाणपत्रात त्याच्या कामाची स्तुती नव्हती. मी त्याला म्हटले, स्तुती ही लिहिणाऱ्याची मर्जी. ती मागून मिळत नाही. तारीख मात्र आपल्या हक्काची. ती बरोबर असेल, तर बाकीचे तुझे काम सांगेल.