डेन्व्हरच्या पंपावरचं ९१

जामसंड्याचे काका वयाच्या सत्तरीत पुतण्याकडे अमेरिकेत गेले. पुतण्याने डेन्व्हरच्या विमानतळावर भाड्याची पेट्रोल गाडी घेतली आणि सगळे रॉकी पर्वत बघायला निघाले. मी मागच्या सीटवर होतो. पर्वत सुरू होण्याआधी गाडीत पेट्रोल भरायचं ठरलं, आणि पंपापुढे काका-पुतण्यांची जुंपली.

पंपावर तीन बटणं होती, प्रत्येकावर पिवळा चौकोन आणि त्यात काळा आकडा: ८५, ८७ आणि ९१. काकांनी देवगड ते कोल्हापूर बरीच वर्षं गाडी चालवलेली. त्यांनी लगेच निकाल दिला, "आमच्या पंपार एक्याण्णवच मिळता, ताच घाल." पुतण्याचं म्हणणं वेगळं. सगळ्यात स्वस्त बटणावर 'रेग्युलर' लिहिलंय, गाडी साधी आहे, मग ८५ का नको?

वाद मिटवला तो गाडीनेच. टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लेबल होतं: 87 (R+M)/2. तेवढी एक ओळ पुरेशी होती. म्हणजे मधलं बटण.

काकांचा आकडा चुकला नव्हता, मोजपट्टी वेगळी होती. ऑक्टेन म्हणजे पेट्रोल दाबाखाली, ठिणगीची ज्योत पोचण्याआधी आपोआप पेटायला किती विरोध करतं याचं माप. ते एका खास एकसिलिंडर इंजिनवर दोन रीतींनी काढतात. सौम्य परिस्थितीतल्या चाचणीतून आरओएन मिळतो. इंजिनची गती आणि आत जाणाऱ्या मिश्रणाचं तापमान वाढवून घेतलेल्या कडक चाचणीतून एमओएन. एकाच पेट्रोलचा एमओएन आरओएनपेक्षा साधारण आठ-दहाने कमी भरतो. भारत, युरोप, ऑस्ट्रेलिया, आखाती देश पंपावर आरओएन सांगतात. अमेरिका दोघांची सरासरी सांगते. लेबलवरचं (R+M)/2 म्हणजे तेच. ९१ आरओएनच्या पेट्रोलचा एमओएन ८३ धरला, तर ९१ आणि ८३ मिळून १७४, त्याचं अर्धं ८७. म्हणजे काकांचं ९१ डेन्व्हरला ८७ च्या बटणामागे होतं. तिथलं ९१ हे प्रीमियम, आरओएनच्या मापात साधारण ९५-९६ चं. ८७ मागणाऱ्या गाडीत ते घातल्याने काही बिघडत नाही, फक्त पैसे जास्त जातात. गाडी बळकट होत नाही.

८५ ची गोष्ट निराळी आहे. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब देवगडच्या किनाऱ्यापेक्षा साधारण सहाव्या भागाने कमी असतो. सिलिंडरमध्ये हवा कमी, म्हणून दाब कमी, म्हणून पेट्रोल आपोआप पेटून नॉकिंग होण्याची भीतीही कमी. कार्बोरेटरच्या जमान्यात हे गणित चालून जायचं, म्हणून रॉकीच्या पट्ट्यात ८५ रुजलं आणि आजही विकलं जातं. आताच्या इंजिनात संगणक हवेनुसार ठिणगीची वेळ आणि इंधन जुळवतो. टर्बो असेल तर उणी हवा तो भरूनही काढतो. त्यामुळे ती सूट उरत नाही आणि कितीतरी गाड्यांच्या पुस्तिका ८५ वापरू नका असं स्पष्ट सांगतात.

तरी भरलंच तर? बहुतेक गाड्यांत नॉक सेन्सर असतो. तो ठिणगी थोडी उशिरा पाडून इंजिन वाचवतो. मग चढावर गाडी ओढत नाही, पेट्रोल जास्त पिते. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर धातूवर टकटक झाल्यासारखा आवाज येत राहिला, तर सेन्सरला सांभाळता येत नाही असं समजावं. अशा वेळी पाय हलका ठेवावा आणि पुढच्या पंपावर वरच्या आकड्याचं पेट्रोल भरावं. त्या टाकीनिशी गाडी पर्वत उतरून सखल भागात आली, तर हवा दाट होते आणि त्रास वाढतो.

त्याच पंपावर एका वेगळ्या नळीला नारिंगी लेबल होतं: E85. हे ऑक्टेन नव्हे. त्यात इथेनॉलचा वाटा निम्म्याहून जास्त असतो आणि ते फक्त फ्लेक्स-फ्युएल गाड्यांसाठी असतं. पिवळ्यातलं ८५ आणि नारिंगीतलं ८५ यांचा एकमेकांशी संबंध नाही.

युरोपात आकड्याबरोबर आकारही बघावा लागतो. ऑक्टोबर २०१८ पासून तिथे पेट्रोलचं चिन्ह गोलात (E5, E10) आणि डिझेलचं चौकोनात (B7) असतं. नव्या गाड्यांच्या झाकणावरही तेच चिन्ह छापलेलं असतं. E10 मधला १० म्हणजे इथेनॉलची कमाल टक्केवारी. ऑक्टेन ९५ किंवा ९८ असं वेगळं लिहिलेलं असतं.

भाड्याची गाडी ताब्यात घेताना ओरखड्यांचे फोटो सगळेच काढतात. त्याबरोबर टाकीचं झाकण उघडून आतल्या लेबलचाही एक फोटो काढा. पंपावर आधी मोजायची रीत बघा, मग आकडा. लेबल पुसलेलं असेल, तर गाडी देणाऱ्या काउंटरवर विचारून घ्या. चुकीचं इंधन भरल्याचा खर्च सहसा विम्यात बसत नाही, तो भाडेकरूच्याच खिशातून जातो.