एक टीव्ही, पाच वह्या

आमच्या घरात माणसं पाच आणि टीव्ही एक. सासूबाई, ज्यांना घरात सगळेच अम्मी म्हणतात, आम्ही दोघं, अकरावीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा. औरंगाबादच्या जुन्या भागात अशी घरं काही कमी नाहीत. टीव्ही दिवाणखान्यात, रिमोट सगळ्यांचा आणि नेटफ्लिक्सचं सदस्यत्वही एकच. अम्मींना हिंदीत डब केलेल्या तुर्की मालिका आवडतात, मुलीला कोरियन, मुलाला कार्टून. मुलं झोपल्यावर आम्ही दोघं खून-तपासाच्या मालिका बघतो. हे सगळं एकाच प्रोफाइलवर चालत होतं. त्यामुळे पडदा उघडला की कार्टूनच्या अस्वलाशेजारी रक्ताळलेला चाकू दिसायचा आणि अम्मींची मालिका कुठेतरी खाली दडलेली असायची.

हे का होतं, ते मला वर्गातल्या उदाहरणाने लगेच समजलं. पाच मुलांनी एकाच वहीत गृहपाठ लिहिला तर तपासणाऱ्याला वाटेल, हा कुणी विचित्र विद्यार्थी आहे. प्रोफाइल म्हणजे अशी एक वही. आपण काय पाहिलं, किती वेळ पाहिलं, कशाला अंगठा वर किंवा खाली दिला, दिवसाच्या कोणत्या वेळी पाहिलं, हे सगळं त्यात जमा होतं आणि त्यावरून पुढची चित्रं मांडली जातात. नेटफ्लिक्स सांगतं, की शिफारशी ठरवताना आपलं वय किंवा आपण स्त्री की पुरुष हे धरलं जात नाही. म्हणजे समोर सत्तर वर्षांची आजी बसली आहे की नऊ वर्षांचा नातू, हे त्याला कळतं ते फक्त उघडलेल्या वहीवरून. शिवाय अलीकडे पाहिलेल्याला जुन्यापेक्षा जास्त वजन असतं. म्हणून कुणी मालिका लावून सोफ्यावर झोपी गेलं आणि मागून भाग सुरूच राहिले, तर एका रात्रीतही पडद्याचा रंग बदलू शकतो.

एका खात्यावर जास्तीत जास्त पाच प्रोफाइल करता येतात. आम्ही माणसंही पाचच, त्यामुळे माणशी एक असा हिशेब सहज जुळत होता. पण मग जे सगळे मिळून बघतात, त्याचं काय? जुम्याच्या दुपारी जेवणानंतर लावलेला सिनेमा मुलीच्या वहीत लिहायचा की अम्मींच्या? म्हणून आम्ही नवरा-बायकोने मिळून एकच प्रोफाइल घेतलं आणि उरलेल्या जागी ‘घर’ नावाचं प्रोफाइल ठेवलं. सगळी सरमिसळ झालेलं जुनं मुख्य प्रोफाइलच ‘घर’ केलं. ते पहिलं प्रोफाइल पुसता येत नाही, मग त्याचा असा उपयोग बरा. बाकी चौघांना कोऱ्या वह्या मिळाल्या.

जुन्या वहीतली नको ती पानं मात्र काढावी लागली. हे टीव्हीवर होत नाही, मोबाइल किंवा संगणकाच्या ब्राउझरमध्ये खातं उघडून करायचं. त्या प्रोफाइलच्या Viewing activity मध्ये पाहिलेल्या गोष्टींची यादी तारखेनिशी दिसते. नावापुढच्या खुणेवर दाबलं की तो भाग यादीतून जातो आणि पूर्ण मालिका लपवण्याचाही पर्याय येतो. परिणाम सगळ्या उपकरणांवर दिसायला चोवीस तास लागू शकतात, तेव्हा लगेच फरक पडला नाही म्हणून पुन्हा पुन्हा खटपट करू नये.

नवं प्रोफाइल टीव्हीवरच Who's watching? या पडद्यावर Add Profile दाबून होतं. अम्मींचं शिक्षण उर्दूतून झालं. त्या देवनागरी वाचतात, पण सावकाश, आणि इंग्रजी अक्षरं त्यांना नकोशी वाटतात. म्हणून नावापेक्षा चित्राकडे जास्त लक्ष दिलं. पाचही चित्रं रंगाने आणि आकाराने अगदी वेगळी निवडली आणि अम्मींना विचारूनच त्यांचं ठरवलं. आता त्या विचारत नाहीत, थेट त्यावर जातात. भाषा प्रत्येक प्रोफाइलला वेगळी ठेवता येते, म्हणून त्यांच्या प्रोफाइलचा पडदा हिंदीत आहे आणि मुलीचा इंग्रजीत. अम्मींना मध्येच डुलकी लागते, म्हणून पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय त्यांच्या प्रोफाइलवर बंद केली. तीही प्रत्येक प्रोफाइलला स्वतंत्र असते.

मुलासाठी लहान मुलांचं प्रोफाइल केलं, आणि इथे बऱ्याच घरांत काम अर्धवट राहतं. मुलाच्या खोलीला कडी घातली, पण बाजूच्या खोल्या उघड्याच. तो मागे येऊन आमच्या चित्रावर दाबेल तर त्याला कोण अडवणार? म्हणून कुलूप मुलाच्या प्रोफाइलला नव्हे, मोठ्यांच्या प्रोफाइलला लावायचं. खात्याच्या सेटिंगमध्ये Profile Lock मध्ये चार अंकी पिन ठेवता येतो. मुख्य प्रोफाइलला कुलूप लावताना नवं प्रोफाइल करण्यासाठीही पिन मागण्याचा पर्याय असतो, त्यावर खूण करावी. नाहीतर चौथीतलं पोर स्वतःच नवी खोली बांधून घेईल.

वयाची मर्यादाही प्रत्येक प्रोफाइलला ठरवता येते. आपल्याकडे २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी अशा सेवांना पाच वर्ग घालून दिले आहेत: सर्वांसाठी U, मग U/A 7+, U/A 13+, U/A 16+ आणि प्रौढांसाठी A. तेरा वर्षांपुढच्या वर्गांसाठी पालकांना कुलूप लावता येईल अशी सोय देणं त्यांना बंधनकारक आहे. ‘घर’ प्रोफाइलला आम्ही तेरापर्यंतची मर्यादा ठेवली, कारण तिथे अम्मीही असतात आणि मुलगाही. मर्यादा आल्याने जुन्या मालिकांची चित्रंही तिथून गेली. मुलीला सोळापर्यंत.

मुलीने मात्र वेगळाच प्रश्न विचारला. “मम्मी, माझ्या प्रोफाइलला मी पिन ठेवला तर तू बघू शकणार नाहीस ना?” खरं उत्तर असं आहे की ज्याच्याकडे खात्याचा पासवर्ड आहे तो पिन बदलू शकतो आणि प्रत्येक प्रोफाइलची यादीही उघडू शकतो. तो पिन भावापासून वाचवेल, आईपासून नाही. हे मी तिला तसंच सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “ठीक आहे, पण बघायचं असेल तर मला सांगून बघ.” मी तिची अट मान्य केली. सोळा वर्षांच्या मुलीला तिच्या आवडीनिवडीवर कुणी चोरून नजर ठेवत नाही एवढा विश्वास हवाच, आणि तो कोणत्याही सेटिंगमध्ये मिळत नाही.

प्रोफाइल वाढले म्हणून एका वेळी चालणारे पडदे वाढत नाहीत, ते योजनेवर ठरतं. यूट्यूबचं गणितही वेगळं आहे. तिथे मोठ्यांच्या वह्या गुगल खात्यांवर चालतात. अम्मींचं खातं नाही, आणि काढायची त्यांची इच्छाही नाही. त्या यूट्यूबवर काही ऐकतात तेव्हा आम्ही टीव्हीवर खात्यातून बाहेर पडून लावतो.

राहिला रोजचा तिढा. संध्याकाळी नातू अम्मींच्या मांडीवर डोकं ठेवून टीव्ही बघतो, तेव्हा कुणाचं प्रोफाइल उघडायचं? आम्ही ठरवलं, की रिमोट कुणाच्याही हातात असो, पसंती ज्याची त्याची वही. कार्टून असेल तर मुलाची, तुर्की मालिका असेल तर अम्मींची. दोघांचं जमलं नाही तर ‘घर’. दोन आठवड्यांनी प्रत्येकाच्या पडद्यावरच्या पहिल्या दोन-तीन ओळी बघितल्या की नियम पाळला जातो की नाही ते कळतं. अम्मींच्या पडद्यावर सध्या एक कार्टून अस्वल डोकावतंय. अम्मी म्हणतात, “रहने दो, बच्चे का है.” ते अस्वल आम्ही काढलं नाही.