पोस्ट तुमची, पण खालच्या कमेंट कुणाच्या?

फेसबुकवर पोस्ट डिलीट केली की आपलं लिहिलेलं जातं, एवढंच बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात तिच्याखालची प्रत्येक कमेंट, कमेंटला आलेलं उत्तर, त्या उत्तराला आलेलं उत्तर, सगळं एका झटक्यात नाहीसं होतं. ज्यांनी ते लिहिलं त्यांना कुणी विचारत नाही, कळवतही नाही.

मागच्या उन्हाळ्यात आपल्याच शहरात हे घडलं. एका प्रभागाच्या पानावर पोस्ट पडली, ‘पाणीपुरवठा सुरळीत सुरू आहे.’ खाली एका ताईंनी लिहिलं, “आमच्याकडे पाच दिवसांनी आलं, तेही पहाटे चारला, वीस मिनिटं.” त्यांच्या कमेंटखाली गल्लीगल्लीतले लोक लिहू लागले. कुणी वार लिहिला, कुणी वेळ. कुणी म्हणालं, टाकीच्या वरच्या बाजूला येतं, उताराला येतच नाही. कुणीही न सांगता त्या प्रभागाचा पाण्याचा नकाशा तिथे तयार होत होता. मग दोघांची जुंपली, शिवीगाळ झाली आणि रात्री अख्खी पोस्ट उडवली गेली. पुढच्या आठवड्यात मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, “त्या भागातून एकही तक्रार नाही.” कागदावर ते खरंच होतं.

सगळीकडे असंच होतं असं नाही. एक्सवर मूळ पोस्ट काढली तरी तिला दिलेली उत्तरं ज्याच्या त्याच्या खात्यावर राहतात, कारण तिथे उत्तर हीसुद्धा स्वतंत्र पोस्टच असते. रेडिटवर काढलेल्या मजकुराच्या जागी [deleted] असं दिसतं, खालची चर्चा तशीच राहते. फक्त ती कशाबद्दल होती ते अंदाजाने ओळखावं लागतं. फेसबुकवर मात्र कमेंट म्हणजे दुसऱ्याच्या ओसरीवर बसून केलेलं बोलणं. घरमालकाने घर पाडलं की ओसरीही गेली. हाच नियम खालच्या पातळीवरही चालतो. त्या ताईंनी स्वतःची कमेंट काढली असती, तरी तिच्याखालची सगळी उत्तरं गेली असती.

शिवीगाळ थांबवायची होती हे मला मान्य आहे. पण त्यासाठी तेवढी दोन उत्तरं काढता आली असती. फेसबुक गटात तर ॲडमिनला नव्या कमेंट बंद करून जुन्या ठेवता येतात. आणि पोस्ट नकोशीच झाली असेल, तर आधी निदान खालचं वाचून, कामाचं उतरवून घ्यावं.

दुसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. `Move to trash` केलेली पोस्ट लगेच कायमची जात नाही. ती तीस दिवस मालकाच्या रद्दीत पडून असते आणि तोवर त्याला ती परत आणता येते. म्हणजे तुमची महत्त्वाची कमेंट अशी गेली असेल, तर महिन्याच्या आत त्या माणसाला गाठून विनंती करा. त्या पानाच्या चालकांना मी ही विनंती केली होती. ते म्हणाले, “माझी पोस्ट होती, मी काढली.” तीस दिवस उलटले, विषय संपला.

आता अनेकजण स्क्रीनशॉट काढून ठेवतात. चांगलंच आहे, पण त्यातही एक गोम आहे. फेसबुक बऱ्याचदा `Most relevant` एवढ्याच कमेंट आधी दाखवतं आणि उत्तरांच्या फांद्या मिटलेल्या असतात. आधी `All comments` निवडा, प्रत्येक फांदी उघडा, मग फोटो काढा. कमेंटखाली ‘3d’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे तीन दिवसांपूर्वी. पण नेमके कधीपासूनचे तीन दिवस, ते फोटोतून नंतर कळत नाही. म्हणून त्या दिवसाची तारीख शेजारी लिहून ठेवा. नुसती लिंक जपून उपयोग नाही, पोस्ट गेली की लिंकही मेली.

आणि पाण्याची, रस्त्याची, गटाराची तक्रार असेल तर ती दुसऱ्याच्या पोस्टखाली लिहून थांबू नका. तीच चार वाक्यं कागदावर लिहा, नगरपरिषदेच्या आवक-जावक खिडकीवर द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. त्या ताई नंतर गल्लीतल्या अकरा जणांच्या सह्या घेऊन गेल्या. पाणी अजून पहाटे चारलाच येतं. पण आता “तक्रार नाही” असं त्यांना कुणी सांगू शकत नाही.