कौशिकाचं खरं बोलणं

एम.ए.च्या वर्गाला नीतिशास्त्र शिकवताना पहिल्या तासाला मी कर्णपर्वातली कौशिकाची गोष्ट सांगतो. कौशिक हा नद्यांच्या संगमापाशी राहणारा तपस्वी. नेहमी खरंच बोलायचं हे त्याचं व्रत. दरोडेखोरांच्या भीतीने पळालेली काही माणसं जवळच्या रानात लपली. मागून दरोडेखोर आले आणि त्यांनी विचारलं, ‘ती माणसं कुठे गेली?’ कौशिकाने खरं ते सांगितलं. माणसं मारली गेली आणि कौशिक नरकात गेला.

त्याने खोटं बोलायला हवं होतं, यावर वर्गाचं चटकन एकमत होतं. मग मी पुढचं विचारतो. तो खोटं बोलला असता, तर त्या खोट्यात थोडं तरी वाईट उरलं असतं का? इथे मात्र वर्गात दोन तट पडतात.

उरलं असतं, असं म्हणणाऱ्यांच्या बाजूला डब्ल्यू. डी. रॉस आहे. 1930 च्या ‘द राइट अँड द गुड’मध्ये तो सांगतो की शब्द पाळणं, उपकार स्मरणं, कुणाला इजा न करणं अशी आपली अनेक कर्तव्यं असतात आणि प्रत्येकाला वजन असतं. दुसरं पारडं जड झालं तर एखादं कर्तव्य हरतं, पण त्याचं वजन नाहीसं होत नाही. जोनाथन डान्सी या ब्रिटिश तत्त्वज्ञाला नेमकं हेच मान्य नाही. ‘एथिक्स विदाउट प्रिन्सिपल्स’ (2004) या पुस्तकात तो म्हणतो की वजन परिस्थितीवर ठरतं. जी गोष्ट एका ठिकाणी कृतीच्या बाजूने जाते, ती दुसऱ्या ठिकाणी निष्प्रभ ठरू शकते, तिसऱ्या ठिकाणी विरुद्धही जाऊ शकते. त्याचं एक उदाहरण आहे. मी तुमच्याकडून पुस्तक वाचायला नेलं आणि नंतर कळलं की तुम्ही ते ग्रंथालयातून चोरलं होतं. आता ते तुम्हाला परत करायला थोडं कारण आहे आणि ग्रंथालयाला द्यायला जास्त, असं होत नाही. तुम्हाला परत करायला काहीच कारण उरत नाही. या मताला नैतिक विशेषवाद म्हणतात.

मला ते पटलं पत्ते खेळताना. सुट्टीत भाची ‘चॅलेंज’ खेळायला बसते. तीन पत्ते उपडे टाकते आणि डोळ्याला डोळा भिडवून सांगते, ‘तीन राण्या.’ खाली असतात दुर्री, पंजी आणि सत्ती. तिचं खोटं उघडं पडलं की सगळे ओरडतात, पण कुणी दुखावत नाही. प्रत्येक वेळी ती खरं सांगू लागली तर डावच मोडेल. इथे खोट्यातलं वाईटपण मौजेच्या वजनाखाली दबलेलं नसतं. ते मुळात नसतंच.

पण याच मताचा आधार घेऊन मी एकदा चुकलो. वडिलांच्या बायोप्सीचा रिपोर्ट आला तेव्हा तो घडी करून शर्टाच्या खिशात ठेवून मी त्यांच्या खाटेशी गेलो. त्यांनी विचारलं, ‘काय निघालं रे?’ मी म्हणालो, ‘अजून आला नाही, अण्णा.’ इथे खरं बोलण्याला वजनच नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. पुढे त्यांची शुद्ध हरपत गेली. धाकट्या भावाशी त्यांचा अबोला होता, तो तसाच राहिला.

डान्सीचाच एक मुद्दा मी त्या दिवशी विसरलो होतो. काही गोष्टी स्वतः कारण नसतात, पण त्या असतील तरच कारण चालतं. मी शब्द दिला, हे तो पाळायचं कारण; तो जबरदस्तीने घेतलेला नव्हता, ही त्या कारणाची अट. म्हणून एखादं कारण इथे लागू नाही असं म्हणायचं, तर ते कशाने बंद पडलं त्यावर बोट ठेवता आलं पाहिजे. दरोडेखोरांना उत्तर हवं होतं ते मारण्यासाठी, म्हणून त्यांचा खऱ्यावर हक्कच नव्हता. पत्त्यांच्या डावात सगळ्यांनी आधीच होकार दिलेला होता. अण्णांचं शरीर अण्णांचं होतं, प्रश्नही त्यांचाच. बोट ठेवायला माझी भीती सोडून काहीच नव्हतं.

ब्रॅड हूकर विशेषवादावर आक्षेप घेतो की ज्याच्या लेखी शब्दाचं वजन दर वेळी नव्याने ठरतं, त्याच्यावर विश्वास कसा टाकायचा? हा आक्षेप मला जड वाटतो. बोट ठेवण्याची सक्ती केली तरी तो पुरता मिटत नाही, कारण बोट कुठे ठेवायचं हेही ठेवणाराच ठरवतो.

कृष्ण ही गोष्ट अर्जुनाला सांगतो तो प्रसंग मी वर्गात शेवटी घेतो. ‘गांडीव दुसऱ्याला दे’ असं म्हणणाऱ्याला मारीन, ही अर्जुनाची प्रतिज्ञा, आणि तसं म्हणाला तो युधिष्ठिर. माझ्या मते थोरल्या भावाला मारण्याच्या बाजूने त्या प्रतिज्ञेचं वजन शून्य आहे. तरीही कृष्ण ‘प्रतिज्ञा विसर’ म्हणत नाही. थोरल्याला ‘तू’ म्हणणं हा त्याचा वधच, तेवढं कर, असं सांगतो. अर्जुन युधिष्ठिराला ‘तू’ म्हणतो, लागेल असं बोलतो, आणि लगेच स्वतःला संपवायला तलवार उपसतो.