नारायणातला ‘ण’

दर चवथीला मी नारायणला चार ओळी पाठवतो. मी पेडण्याचा, तो डिचोलीकडचा. इंजिनिअरिंगला आम्ही एका खोलीत राहिलो, तेव्हापासूनची ही सवय. ओळींच्या पहिल्या अक्षरांतून त्याचे नाव वाचता यायला हवे, एवढीच अट. उखाण्यात नाव उघड घेतात, इथे ते कडेला लपवायचे.

यंदा मात्र हात अडला. दीड वर्षापूर्वी त्याचे बाबा गेले. गेल्या वर्षी सुतकामुळे घरात चवथ झालीच नव्हती. म्हणजे यंदाची माटोळी पहिल्यांदा त्याने एकट्याने बांधायची होती. गणपतीच्या वर टांगलेल्या त्या लाकडी चौकटीला नारळ, सुपारीची शिपटी, कवंडळ, केळ्यांचा घड, रानातली फळे असे सगळे बांधायचे, हे काम त्यांच्याकडे बाबांचेच. नारायण खाली उभा राहून एकेक वस्तू वर द्यायचा. अशा घराला ‘हार्दिक शुभेच्छा’ कशा पाठवायच्या?

आधी मोजणी. आपल्या लिपीत अशा कवितेचे माप कान ठरवतो. संगणकाला ‘नारायण’ मोजायला सांगितले तर तो सहा म्हणतो, कारण दोन काने तो वेगळे धरतो. कानाला मात्र चारच अक्षरे ऐकू येतात: ना, रा, य, ण. म्हणून चार ओळी. प्रत्येक ओळीत आठ अक्षरे घ्यायची असे मी ठरवले. जोडाक्षर एकच धरायचे आणि अनुस्वार वेगळा मोजायचा नाही. नाव दत्ताराम असते तर ‘त्ता’ने सुरू होणारा शब्द मिळाला नसता, तिथे साध्या ‘ता’वर भागवावे लागले असते.

पहिला प्रयत्न असा झाला:

नाते आपुले जुने रे
रास सुखाची लाभू दे
यश नांदो तुझ्या घरी

मोजायला बरोबर, पण वाचल्यावर लाज वाटली. जगातल्या कुठल्याही नारायणाला हे चालले असते. ओढून आणलेली कविता ओळखायची खूण हीच. नाव तेवढे त्याचे असते, बाकी मजकूर कुणाचाही. शिवाय चौथी ओळ सुचेचना. मराठीत ‘ण’ने शब्द सुरूच होत नाही, ‘ळ’नेही होत नाही. ‘णमो’ लिहून पळवाट काढता आली असती, पण ते आमच्या बोलण्यातले नव्हे.

दोन दिवस तसेच गेले. मग वाटले, ‘ण’ आपल्या भाषेत सुरुवातीला येत नाही, पण शेवटी भरपूर येतो. तोरण, अंगण, श्रावण, सण. मग नाव तीन ओळी कडेने उतरू दे आणि चौथ्या ओळीत शेवटच्या अक्षरावर जाऊन थांबू दे. ‘ण’ने संपणारे शब्द एकाखाली एक लिहीत गेलो आणि सहावा की सातवा शब्द आला ‘आठवण’. जे लिहायचे मी टाळत होतो, ते त्या अवघड अक्षरानेच समोर ठेवले.

मग शुभेच्छा बाजूला ठेवल्या आणि त्याच्या ओसरीवर प्रत्यक्ष काय चालले असेल ते मनात पाहिले. माटोळीच्या वस्तू बाबा केवणीच्या सालीच्या दोराने बांधायचे. सुतळी घेतलेली त्यांना खपत नसे. ती गाठ डोळ्यांसमोर आली आणि ओळी जुळल्या:

नारळांच्या घडापाशी
रात जागवी अंगण
यंदा बांधता माटोळी
गाठीगाठी आठवण

‘यंदा’तला अनुस्वार नियमात थोडा सैल आहे, मला मान्य. पण ‘यश’ काढून ‘यंदा’ घातल्यावरच ही कविता या वर्षाची झाली. बाबांचे नाव मुद्दाम कुठे घातले नाही. त्या घरात ते सांगावे लागत नाही.

चवथीच्या आदल्या दिवशी दुपारी ओळी पाठवल्या. रात्री उशिरापर्यंत उत्तर नाही. जास्त तर बोललो नाही ना, अशी धाकधूक होती. अकराच्या सुमारास फोन आला.

“‘ण’ शेवटी ठेवलास. फसवलेस मला,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “आईला वाचून दाखवले. ती म्हणाली, परत वाच.”

“माटोळी झाली?”

“अर्धी. शिपटी सारखी सुटते रे. बाबांची गाठ मला येत नाही, मी कायम खालीच उभा. तू सकाळी लवकर ये. या वेळी वस्तू वर द्यायला कुणी नाही.”

पहाटे पाचला मी पेडण्याहून निघालो.