उत्तर द्यायची गरज नाही

बंड्याची नोकरी गेली, आणि महिन्याभरात तो कॉलेजच्या ग्रुपमधून गुपचूप बाहेर पडला. फोन वाजायचा, पण तो उचलायचा नाही. ग्रुपमधल्यांचे त्याला थेट मेसेज सुरू झाले: ‘अरे जिवंत आहेस ना?’, ‘एवढा भाव खातोस?’ चेष्टाच होती ती. पण तोंड लपवून बसलेल्या माणसाला असला प्रत्येक मेसेज म्हणजे देणेकऱ्याचा तगादा. जितके मिस्ड कॉल साठतील, तितकं परत फोन करणं अवघड.

सॅन फ्रान्सिस्कोतल्या जेरोम मोटो या मानसोपचारतज्ज्ञाबद्दल मी वाचलं होतं. नैराश्य किंवा आत्महत्येच्या विचारांमुळे रुग्णालयात राहून आलेल्या, पण पुढचे उपचार नाकारलेल्या रुग्णांपैकी काहींना त्याने पत्रं पाठवली. दोन-चार ओळींची: ‘तुम्ही बरे असाल अशी आशा आहे. कळवावंसं वाटलं तर आम्हाला आवडेल.’ सुरुवातीला महिन्याला एक, मग हळूहळू अंतर वाढवत पाच वर्षं. पत्रं न मिळालेल्यांच्या तुलनेत या लोकांमध्ये पहिल्या दोन वर्षांत आत्महत्या कमी झाल्या. पत्रात मागणी अशी काहीच नव्हती, हे मला महत्त्वाचं वाटलं.

म्हणून बंड्याला लिहिताना प्रश्नचिन्ह टाळलं. ‘कसा आहेस?’ याचं खरं उत्तर त्याला लिहवणार नाही आणि खोटं त्याला आवडणार नाही. त्याऐवजी: ‘आज चिंचवड स्टेशनबाहेर आपल्या भेळवाल्याचा मुलगा गाडीवर दिसला. बापासारखाच ओरडतो. तुझी आठवण आली. उत्तर द्यायची गरज नाही.’ मग पंधरा-वीस दिवसांनी दुसरं काहीतरी. ‘मागच्या मेसेजचं काय झालं’ हे कधीच नाही. नोकरीच्या जाहिरातीही पाठवल्या नाहीत. त्या त्याच्या मेव्हण्याकडून भरपूर येत असणार.

ब्लू टिक त्याने बंद केली होती, पण दोन करड्या टिक येत होत्या. म्हणजे फोन चालू होता. त्यातून माणूस ठीक आहे हे कळत नाही, म्हणून त्याच्या बहिणीला एकदा फोन केला. ‘त्याला सांगू नका असं नाही, पण मुद्दाम सांगूही नका, ताई. घरी जेवतोय ना, एवढंच विचारायचं होतं.’ जेवतोय, म्हणाल्या. झोप मात्र कमी. तो निरोपाची भाषा बोलू लागला असता, वस्तू वाटून टाकू लागला असता, तर मी थांबलो नसतो. थेट दारात गेलो असतो आणि ‘जीव द्यायचा विचार येतोय का?’ असं स्पष्ट विचारलं असतं. विचारल्याने तो विचार डोक्यात पेरला जात नाही. टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत नंबरही ताईंना देऊन ठेवला होता.

पावसाळ्यात एकदा त्याचा अंगठा आला. नुसता इमोजी. ‘एवढे दिवस कुठे होतास’ हे ओठांवर आलं होतं, पण लिहिलं एवढंच: ‘शनिवारी निगडीत काम आहे. चारनंतर कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहा घेईन. जमलं तर ये, नाही जमलं तर मी पेपर वाचून निघेन.’

त्या शनिवारी तो आला नाही. मी पेपर वाचला आणि निघालो. पुढच्या खेपेला आला, आणि तासभर भारताच्या मधल्या फळीला शिव्या घालत बसला.